‘बाळंतपण झाल्यावर बघू’

दिवस गेलेल्या मुलीची दाढ दुखायला लागली, की आपल्या भागात एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘थांब माय, बाळंतपण होऊन जाऊ दे, मग बघू.’ खटकचिंचोळीतली सासू हेच म्हणते आणि लातूरकडची आईही फोनवरून हेच सांगते. त्यात दुष्टावा नसतो, भीती असते. दातात सुई टोचली तर ते औषध बाळापर्यंत जाईल, एक्स-रे काढला तर बाळाला बाधेल, दात उपटताना काही झालं तर पोट सांभाळणार कोण?

गंमत अशी, की त्याच घरात दुखणं रात्री असह्य झालं तर कुणीतरी मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय दुखण्याच्या गोळ्यांची पट्टी घेऊन येतं. त्या गोळीची मात्र कुणालाच भीती वाटत नाही. खरं तर भीती नेमकी उलट्या बाजूला हवी. दातांच्या डॉक्टरची खुर्ची गरोदरपणात बऱ्यापैकी सुरक्षित जागा आहे, आणि ती पट्टी पुष्कळदा नाही.

हे कसं, ते एका उदाहरणावरून पाहू. मुलगी काल्पनिक आहे, पण तिच्यासारख्या चार मुली तुमच्याही नात्यात सापडतील. लातूरकडून भालकी तालुक्यात, खटकचिंचोळीत दिलेली. पहिलटकरीण. सातव्या आठवड्यात तिला उलट्या सुरू झाल्या. सकाळी ब्रश तोंडात घातला की उमळून यायचं, म्हणून तिने सकाळचा ब्रशच सोडला. अकराव्या आठवड्यात चूळ भरताना रक्त दिसलं. पंधराव्या आठवड्यात उजवीकडची खालची दाढ रात्री ठणकायला लागली. ही दाढ लग्नाआधीच किडलेली होती, आणि तेव्हाही ‘नंतर बघू’ झालंच होतं. सासूबाई म्हणाल्या, ‘बाळ कॅल्शियम ओढतं, दात असे जायचेच.’

पहिली दुरुस्ती इथेच करू. बाळ आईच्या दातांतलं कॅल्शियम ओढत नाही. आहारात ते कमी पडलं, तर शरीर हाडांमधून काढतं. हाडात देवाणघेवाण सतत चालू असते, पण दाताचं बाहेरचं कवच एकदा तयार झालं की त्यातून रक्तात काही परत जात नाही. म्हणजे या मुलीचे दात बाळाने खाल्लेले नाहीत. तिच्या तोंडात तीन वेगळ्या गोष्टी एकाच वेळी चालल्या आहेत: उलटीतलं आम्ल, हिरड्यांची सूज आणि जुनी कीड. तिन्हींची कारणं वेगळी आणि उपायही वेगळे.

उलटीपासून सुरुवात करू, कारण सगळ्यांत आधी तीच येते.

पोटातलं आम्ल फार तीव्र असतं. आम्लता मोजण्याच्या मोजपट्टीवर साधं पाणी ७ वर येतं, आणि आकडा जितका खाली तितकं आम्ल जास्त. दाताचं कवच साधारण ५.५ च्या खाली विरघळायला लागतं. जठरातला रस असतो १ ते २ च्या आसपास. उलटी होताना हा रस जिभेवरून येऊन वरच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूवर, म्हणजे टाळूकडच्या बाजूवर आदळतो. म्हणून उलट्यांची झीज आरशात समोरून दिसत नाही. ती जिभेला आधी कळते: दाताची आतली बाजू काचेसारखी गुळगुळीत लागते. मग थंड पाणी झोंबू लागतं. पुढे दातांच्या कडा पातळ, आरपार उजेड जाईल अशा दिसतात, आणि आतला पिवळसर थर उघडा पडतो. एकदा झिजलेलं कवच परत उगवत नाही. मात्र आम्लाने नुकतंच मऊ झालेलं कवच लाळेतल्या क्षारांमुळे पुन्हा टणक होऊ शकतं. त्याला थोडा वेळ मिळाला पाहिजे, एवढंच.

आणि इथेच सगळे चुकतात. उलटी झाली की तोंड आंबट, कडू होतं, म्हणून मुलगी लगेच ब्रश घेते. कवच मऊ असताना ब्रश फिरवणं म्हणजे ओल्या सारवणावर खराटा मारणं. त्यापेक्षा एक पेला पाण्यात, म्हणजे पाव लिटरला थोड्या कमी पाण्यात, चहाचा एक सपाट चमचा खाण्याचा सोडा विरघळवून त्याने चूळ भरायची आणि थुंकून टाकायची. सोडा आम्ल मारतो. हे पाणी गिळायचं नाही, कारण त्यात सोडियम असतं, आणि ज्यांचा रक्तदाब वाढलेला आहे त्यांनी तर मुळीच नाही. मग अर्धा तास ते तासभर थांबून ब्रश करायचा. सोडा हाताशी नसेल तर साध्या पाण्याच्या दोन-तीन चुळाही चालतात.

आता सोडा कुठला, हे नीट सांगायला हवं, कारण आपल्या स्वयंपाकघरात पांढऱ्या पुड्या चार असतात. हवा तो भज्यांत, ढोकळ्यात घालतात तो खाण्याचा सोडा. बेकिंग पावडर नको, तिच्यात आम्लाचाच घटक मिसळलेला असतो. पापडखार नको, तो याहून जास्त तिखट क्षार आहे. कपड्यांचा धुण्याचा सोडा तर तोंडाजवळही नेऊ नये. आणि पोटातल्या गॅससाठी घेतात ती फसफसणारी पूडही नको, तिच्यात सायट्रिक आम्ल असतं.

दुसरी चूक जास्त प्रेमळ आहे. मळमळ थांबावी म्हणून घरचे हातात लिंबाची फोड, चिंचेची गोळी किंवा सुकवलेला आवळा देतात. डोहाळेही बहुधा आंबटाचेच असतात. चिंच खाऊ नये असं माझं म्हणणं नाही. जेवणात आमटीला लावलेली चिंच पटकन गिळली जाते, तिचं काही बिघडत नाही. पण उलटीनंतर तोंडाची चव जावी म्हणून लिंबू गालात धरून तासभर चोखत बसणं, ही त्याच दातांना दुसरी आम्लाची आंघोळ आहे. चव घालवायची तर बडीशेप किंवा वेलदोडा चावावा.

सकाळी ब्रशने उमळून येत असेल तर ब्रशची वेळ बदला. दात सकाळीच घासले पाहिजेत असा नियम दातांना माहीत नाही. दुपारी जेवणानंतर पोट शांत असताना घासा, आणि रात्री झोपण्याआधी नक्की घासा. लहान मुलांचा, छोट्या डोक्याचा मऊ ब्रश घ्या, मान पुढे झुकवा आणि मागच्या दाढांपासून सुरुवात करण्याऐवजी पुढून मागे जा. पेस्टच्या फेसाने मळमळत असेल तर आधी नुसत्या ओल्या ब्रशने घासा, आणि शेवटी वाटाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट फिरवून थुंका. त्यानंतर खळखळून चुळा भरू नका, थोडं फ्लोराइड दातांवर राहू दे. उलट्या इतक्या झाल्या की पाणीही पोटात टिकत नाही, लघवी कमी आणि गडद होते, वजन उतरतं, तर मात्र तो विषय दातांचा राहत नाही. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

रगत आलं म्हणून ब्रश सोडू नका

आपल्या उदाहरणातली मुलगी अकराव्या आठवड्यात घाबरली ती रक्ताने. ‘आत्याबाई, रगत यायलंय हिरड्यांतून,’ म्हणाली. सासूबाईंनी ब्रश बंद करायला सांगितला आणि बोटाने दात घासायला लावलं. सल्ला समजण्यासारखा आहे. जिथून रक्त येतं तिथे घासू नये, असंच कुणालाही वाटेल.

पण हिरडी का सुजते ते पाहा. दात आणि हिरडीच्या सांध्यावर जिवाणूंचा एक मऊ, चिकट थर रोज साचतो. तो एरवीही थोडी सूज आणतोच. गरोदरपणात प्रोजेस्टेरॉन आणि इस्ट्रोजेन ही संप्रेरकं कित्येक पटींनी वाढतात. त्यांच्यामुळे हिरडीतल्या बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात, पाझरू लागतात, आणि त्याच थराला हिरडी आता दुप्पट रागाने उत्तर देते. १९६३ साली हॅरल्ड ल्यो आणि जॉन सिल्नेस या दोन दंतसंशोधकांनी गरोदर स्त्रियांच्या हिरड्या पद्धतशीर तपासल्या. सूज दुसऱ्या महिन्यापासून वाढत जाते, आठव्या महिन्यात सर्वांत जास्त असते आणि नंतर उतरते, असं त्यांना दिसलं. म्हणजे संप्रेरकं आगीवर तेल ओततात, पण आग त्या थराची. संप्रेरकं आपल्या हातात नाहीत, थर काढणं आहे. ब्रश सोडला की थर वाढतो, थर वाढला की रक्त वाढतं, आणि रक्त वाढलं की घरचे म्हणतात, बघ, ब्रश सोडूनही थांबत नाही.

मऊ ब्रशचे केस हिरडीच्या कडेकडे तिरपे धरून, दाब न देता, छोट्या गोल हालचालींनी दोन मिनिटं घासा. पहिले काही दिवस रक्त येईल, येऊ द्या. फक्त मऊ थर असेल तर साधारण आठवड्या-दोन आठवड्यांत ते कमी होतं. कमी झालं नाही, तर आत कडक किटण बसलेलं आहे असं समजा. ते ब्रशने निघत नाही, दातांच्या डॉक्टरकडे जाऊन काढावं लागतं. किटण काढल्याने दात हलतात, हा समज आपल्याकडे पक्का आहे. जे आधीच हलत होते ते किटणाच्या टेकूने धरलेले असतात, टेकू गेला की हलणं जाणवतं, इतकंच. शिवाय गरोदरपणात दात किंचित सैल वाटू शकतात आणि बाळंतपणानंतर पुन्हा घट्ट होतात.

क्वचित एखादीच्या दोन दातांमधल्या हिरडीवर लालभडक, मऊ, बोराएवढी गाठ येते, बहुतेक वेळा वरच्या जबड्यात पुढे. हात लागला की भळकन रक्त येतं. घरात ‘कॅन्सर’ हा शब्द कुजबुजला जातो. ही गाठ कॅन्सरची नव्हे. ही त्याच सुजेची टोकाची पायरी आहे. आसपासची स्वच्छता ठेवली तर बाळंतपणानंतर ती पुष्कळदा आपोआप आकसते. खाण्यात अडथळा येत असेल किंवा रक्त फार जात असेल तरच ती गरोदरपणात काढतात, कारण या काळात काढलेली गाठ पुन्हा येण्याचा संभव असतो. गाठ असो वा नसो, ती एकदा डॉक्टरांना दाखवलेली बरी. आणि दोन आठवड्यांत न भरणारी जखम, टणक गाठ किंवा घासून न जाणारा पांढरा चट्टा असेल, तर ती वेगळी गोष्ट आहे. ती बाळंतपणापर्यंत थांबवू नये.

हे शेवटचं वाक्य ज्या घरात मिश्री आहे तिथे दोनदा वाचावं. भाजलेली तंबाखू कुटून हिरड्यांना लावायची ही सवय सीमेच्या अलीकडे-पलीकडे दोन्हीकडच्या बायकांत आहे, आणि दाढ दुखली की पोकळीत चिमूट भरतात ती हीच. ‘नुसती लावतो, खात नाही’ या बोलण्याला अर्थ नाही. हिरडीच्या पातळ कातडीतून निकोटिन सरळ रक्तात जातं. मुंबईत १,२१७ गरोदर स्त्रियांचा पाठपुरावा करून केलेला एक अभ्यास २००४ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध झाला. त्यात न ओढायची तंबाखू वापरणाऱ्यांच्या बाळांचं वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरलं आणि बाळं काही दिवस आधी जन्मली. जिने दाताच्या डॉक्टरच्या सुईला नकार द्यायला सांगितलं, तीच आजेसासू हातावर मिश्री ठेवते, हे आपल्या घरांचं वास्तव आहे. तिच्याशी भांडून उपयोग नाही. ‘आजी, डॉक्टरनी नको म्हटलंय,’ एवढं सुनेने म्हणावं आणि नवऱ्याने तिची बाजू घ्यावी.

आता त्या दाढेकडे

पंधराव्या आठवड्यात दाढ ठणकली. आधी लवंगेच्या तेलाचा बोळा झाला. त्याने घटकाभर बरं वाटलं, पण तेल हिरडीवर ओघळून हिरडी पोळली. मग नवऱ्याने गोळ्या आणल्या. पट्टीवर दोन नावं होती: ॲसिक्लोफिनॅक आणि पॅरासिटामॉल. आपल्याकडे दातदुखीला, पाठदुखीला सर्रास दिली जाते ती ही जोडगोळी.

यातलं पॅरासिटामॉल गरोदरपणात दुखण्यासाठी पहिलं औषध मानलं जातं, डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत आणि गरजेपुरतं. अडचण दुसऱ्या नावाची आहे. ॲसिक्लोफिनॅक, डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, निमेसुलाइड ही एकाच घराण्यातली औषधं. विसाव्या आठवड्यानंतर ती घेतली तर बाळाच्या मूत्रपिंडावर परिणाम होऊन गर्भजल कमी होऊ शकतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ऑक्टोबर २०२० मध्ये याबद्दल स्पष्ट इशारा दिला. शेवटच्या तिमाहीत आणखी एक धोका आहे. पोटात असताना बाळाच्या हृदयाजवळ एक जोडवाहिनी उघडी असावी लागते. ती या औषधांनी वेळेआधी बंद होऊ शकते. आणि नवऱ्याला पट्टी विकणाऱ्याने ‘कुणासाठी?’ हे विचारलेलंच नसतं.

अँटिबायोटिकचंही तसंच. अमॉक्सिसिलिन गरोदरपणात वर्षानुवर्षं दिलं जातं. पण टेट्रासायक्लिन आणि डॉक्सिसायक्लिन बाळाच्या घडत असलेल्या दातांना कायमचा पिवळा-करडा रंग देऊ शकतात. घरात शेजाऱ्याची उरलेली कॅप्सूल असते, ती बऱ्याचदा नेमकी याच जातीची निघते. शिवाय किडलेल्या दाढेतल्या पूवर अँटिबायोटिक एकटं पुरत नाही. आत मेलेल्या नसेत रक्तपुरवठाच नसतो, मग औषध तिथे पोहोचणार कसं? ठणका चार दिवस दबतो आणि परत येतो. गोळ्या वाढत जातात, बाळ वाढत जातं, दाढ तिथेच राहते.

ही मुलगी त्याच आठवड्यात भालकीला किंवा बीदरला गेली असती तर खुर्चीत काय झालं असतं, ते क्रमाने पाहू.

आधी प्रश्न. कितवा आठवडा, रक्तदाब किती, साखर किती, कोणत्या गोळ्या चालू आहेत. हे सगळं गरोदरपणाच्या नोंदीच्या कार्डावर, आपल्याकडच्या तायी कार्डावर, लिहिलेलं असतं. म्हणून ते कार्ड बरोबर न्यायचं. महाराष्ट्रातून सून होऊन आलेल्या मुलीला कन्नड नवी असेल, तर दारातच ‘नानु गर्भिणी’ एवढे दोन शब्द सांगायचे. पोट दिसत नसताना ते सांगणं जास्त गरजेचं.

मग एक छोटा एक्स-रे. बोटाएवढं सेन्सर दाढेशेजारी धरायचं आणि किरणांचा बारीक झोत गालाकडून दाढेवर. पोट त्या रेषेत येतच नाही. अशा एका एक्स-रेचे किरण आपण एका दिवसात जमिनीतून, आकाशातून, अन्नातून आपसूक घेतो त्याच्या आसपासचे असतात. आईला इतके. बाळापर्यंत पोहोचणारे त्याहून कितीतरी कमी. शिशाचा ॲप्रन घालतात, घालू द्या. अमेरिकन डेंटल असोसिएशनने मात्र २०२४ मध्ये, आताच्या यंत्रांत त्याचीही गरज उरलेली नाही, असं म्हटलं आहे.

मग ज्याची सगळ्यांत भीती ती सुई. त्यात असतं दोन टक्क्यांचं लिग्नोकेन, म्हणजे एका मिलीलिटरमध्ये २० मिलिग्रॅम. खालची दाढ बधिर करायला साधारण दोन मिलीलिटर लागतं, म्हणजे ४० मिलिग्रॅम. पन्नास किलोच्या बाईला हात राखून धरलेली मर्यादाही २२० मिलिग्रॅमची आहे. त्यात ॲड्रेनलिनचा किंचित अंश मिसळलेला असतो. तो आसपासच्या रक्तवाहिन्या आकसून घेतो, त्यामुळे औषध दाढेपाशीच जास्त वेळ थांबतं आणि रक्तात हळूहळू, थोडंथोडंच जातं. लोक ज्याला बाळाच्या दृष्टीने जास्तीचं औषध समजतात, ते प्रत्यक्षात मूळ औषध अडवून धरण्याचं काम करतं. आणि सुई न घेता दाढ उघडली तर? दुखण्याने आईच्या अंगात जे ॲड्रेनलिन उसळतं, ते सुईतल्यापेक्षा जास्त असू शकतं.

बधिर झालं की डॉक्टर कीड काढून दाढ उघडतात. आत पू असेल तर वाट मिळते आणि कोंडलेला दाब सुटतो. चार रात्री न झोपलेली मुलगी त्या संध्याकाळी झोपते ती याने, गोळीने नव्हे. नसांच्या नळ्या स्वच्छ करून वर तात्पुरतं सिमेंट भरतात. पाऱ्याची चांदी या काळात नव्याने भरत नाहीत. दाढ वाचण्यापलीकडे गेली असेल तर ती काढतात, आणि तेही गरोदरपणात करता येतं. कॅप बसवणं, वेडेवाकडे दात सरळ करणं, दात पांढरे करणं या गोष्टी मात्र खुशाल बाळंतपणानंतर ठेवाव्यात. ‘नंतर बघू’ हे वाक्य त्यांच्यासाठी योग्य आहे.

खुर्चीत झोपण्याबद्दल एक गोष्ट लक्षात ठेवा. साधारण विसाव्या आठवड्यानंतर उताणं झोपलं की गर्भाशयाचा भार मागच्या मोठ्या शिरेवर पडतो. हृदयाकडे परत जाणारं रक्त कमी होतं, घाम फुटतो, डोळ्यांपुढे अंधारी येते, मळमळतं. मुलीला वाटतं सुई अंगावर आली, आणि घरी जाऊन ती तेच सांगते. मग पुढच्या सुनेलाही कुणी पाठवत नाही. ओळखायचं असं: हे आडवं होताच सुरू होतं आणि डाव्या कुशीवर वळताच दोन-चार मिनिटांत थांबतं. त्यावर उपाय म्हणजे उजव्या कमरेखाली उशी किंवा गुंडाळलेली शाल घालून थोडं डावीकडे कललेलं झोपायचं, आणि मधूनमधून उठून बसायचं. डॉक्टर उशी देतीलच, नाही दिली तर मागा.

हे सगळं सुरक्षित आहे हे कशावरून, असं घरातलं कुणी विचारेल आणि विचारावं. न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये २००६ साली एक मोठा प्रयोग प्रसिद्ध झाला. हिरड्यांचा आजार असलेल्या ८२३ गरोदर स्त्रियांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. एका गटाच्या हिरड्यांची खोल साफसफाई एकविसाव्या आठवड्याआधी केली, दुसऱ्याची बाळंतपणानंतर. पहिल्या गटात वेळेआधी जन्मलेली बाळं १२ टक्के होती आणि दुसऱ्यात १२.८ टक्के, म्हणजे फरक नाहीच. याचा अर्थ दोन्ही बाजूंनी लावला पाहिजे. हिरड्या साफ केल्याने बाळाला धोका झाला नाही. पण हिरड्या साफ केल्या म्हणून मुदतपूर्व प्रसूती टळते, असंही दिसलं नाही. ‘दात साफ करा, बाळ वेळेवर येईल’ अशा जाहिरातवजा बातम्या वाचाल तेव्हा ही दुसरी बाजू आठवा. उपचार करायचे ते आईचा ठणका, पू आणि सूज घालवण्यासाठी, आणि तेवढं कारण पुरेसं आहे. अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही २०१३ मध्ये सांगितलं, की तपासणी, एक्स-रे, लिग्नोकेनची सुई आणि गरजेचे उपचार गरोदरपणात करता येतात.

सोयीचा काळ म्हणाल तर चौदावा ते विसावा आठवडा. उलट्या ओसरलेल्या असतात आणि पोट अजून अवघड झालेलं नसतं. पण सोय वेगळी आणि परवानगी वेगळी. ठणका, पू, सूज असेल तर दुसऱ्या महिन्यातही जायचं आणि आठव्यातही. गालावर किंवा जबड्याखाली सूज वाढते आहे, ताप आहे, तोंड दोन बोटंही उघडत नाही, गिळायला किंवा श्वासाला त्रास होतो, यांतलं एकही असेल तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका. तेव्हा दातांचा दवाखाना शोधत बसू नये, सरळ मोठ्या रुग्णालयात जावं. आपल्या उदाहरणातली मुलगी गोळ्यांवर दिवस ढकलत राहिली असती तर बाविसाव्या-तेविसाव्या आठवड्यात तिची गोष्ट इथवरच आली असती, तीही पोटात पाच महिन्यांचं बाळ आणि अंगात ताप घेऊन.

तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात दातांचे डॉक्टर आहेत का, ते आशाताईंना आधी विचारून घ्या. बीदर आणि कलबुर्गीत दंत महाविद्यालयं आहेत, आणि महाविद्यालयात खाजगीपेक्षा खर्च बराच कमी येतो. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात सरकारी दवाखान्यात गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी होते. तिथे रक्तदाब आणि रक्त बघतात, तोंड उघडून पाहतीलच असं नाही. तुम्हीच म्हणा, ‘मॅडम, हिरड्यातून रक्त येतंय, दाढ दुखते, दातांच्या डॉक्टरकडे चिठ्ठी द्या.’ चिठ्ठी हातात असली की घरी सासूबाईंची समजूत घालणंही सोपं जातं. आणि नव्याने लग्न ठरलेली बहीण, वहिनी घरात असेल, तर तिची ती जुनी किडलेली दाढ हळदीच्या आधीच भरून घ्या.